मनगटातलं काजूएवढं हाड आणि सात वर्षांचं कलम

मागच्या टोमॅटो सीझनला भाच्याचा रात्री साडेनऊला फोन आला, "मामा, मला मारलंय आणि पोलिसांनी नुसती एनसी घेतली." भाचा पिकअप चालवतो, दिंडोरी साइडचा माल पंचवटीच्या मार्केट यार्डात आणतो. लाइनीत गाडी पुढे-मागे घेण्यावरून दुसऱ्या एका ड्रायव्हरशी वाजलं. शिव्या झाल्या, दोन कानाखाली बसल्या, आणि भाचा गाडीच्या मागच्या फाळक्यावर उभा राहून कॅरेट खाली देत होता तेव्हा त्या ड्रायव्हरने पाय ओढून त्याला खाली पाडलं. उजवा हात टेकवत काँक्रीटवर पडला. मनगट सुजलं, बाकी काही नाही.

मी नाशिकच्या कोर्टात फौजदारी कामं करतो, त्यामुळे घरातलं कुणी पोलीस स्टेशनला गेलं की फोन मलाच येतो. त्याला म्हटलं, एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेतली म्हणून लगेच अन्याय झाला असं समजू नको, आज तुझ्या कागदावर जे आहे त्यावर एनसीच होते. हे त्याला त्या रात्री पटलं नाही, आणि बऱ्याच लोकांना पटत नाही, म्हणून सगळं जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे मारहाणीत कलम कुठलं लागणार हे माणूस किती चिडून मारत होता यापेक्षा जखम काय झाली आणि कशाने झाली यावर जास्त ठरतं. १ जुलै २०२४ पासून भादंवि जाऊन भारतीय न्याय संहिता आली, सगळे बीएनएसच म्हणतात. त्यात कलम ११४ मध्ये साधी दुखापत म्हणजे काय ते सांगितलंय: कुणाला शारीरिक वेदना, रोग किंवा अशक्तपणा आणणं. वेदना झाली तरी पुरे, रक्त यायलाच पाहिजे असं नाही, वळ उठायलाच पाहिजे असंही नाही, कानाखाली मारली तीही दुखापतच. तिची शिक्षा ११५(२) मध्ये, जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुनं ३२३ ते हेच, फक्त तिथे दंड हजार रुपये होता.

आता यातली मेख अशी की ११५(२) हा अदखलपात्र गुन्हा आहे. म्हणजे पोलीस तक्रार नोंदवून घेतील, तुम्हाला एनसीची प्रत देतील, पण मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरशिवाय तपास करता येत नाही, समोरच्याला वॉरंटशिवाय उचलताही येत नाही. भाच्याच्या एनसीवर ११५(२), ३५२ आणि ३५१(२) अशी तीन कलमं होती, म्हणजे मारहाण, शिवीगाळ आणि धमकी, तिन्ही अदखलपात्र. अशा एनसी वर्षानुवर्षं रजिस्टरमध्ये पडून राहतात आणि लोकांना वाटतं केस चालू आहे. चालू नसते. एक वर्षापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टाने घ्यायची मुदत साधारण एकच वर्ष असते, त्यामुळे एनसीचा कागद फाईलला लावून दीड वर्षाने वकिलाकडे येणाऱ्याला मी काय सांगणार, चहा पाजतो आणि पाठवतो.

तर त्या रात्री पोलिसांनी त्याला मेडिकल यादी देऊन सरकारी दवाखान्यात पाठवलं होतं. यादी म्हणजे डॉक्टरला लिहिलेलं पत्र, की या जखमीला तपासा आणि काय जखमा आहेत, साध्या की गंभीर, कशाने झाल्या असतील, किती वेळापूर्वीच्या आहेत ते कळवा. एक्स-रे काढला, हाड शाबूत दिसलं. सर्टिफिकेटवर आलं: उजव्या मनगटावर सूज आणि दुखरेपणा, कठीण व बोथट वस्तूने, साधी. इथे डॉक्टरांचंही चुकलं नाही, पोलिसांचंही नाही. फक्त त्या डॉक्टरांनी केसपेपरवर एक ओळ जास्त लिहिली होती, ती पुढे सोन्याची ठरली: अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखतं, दहा दिवसांनी पुन्हा एक्स-रे.

अंगठा वर ताणून धरा. मनगटाच्या त्या बाजूला दोन शिरांसारख्या दोऱ्या उभ्या राहतात आणि त्यांच्यामध्ये एक खळगा पडतो. त्या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉईड नावाचं काजूच्या आकाराचं छोटं हाड असतं. हात टेकवून पडलं की मनगटातलं हेच हाड फार वेळा जातं, आणि त्याची खोड अशी की पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत तडा बऱ्याचदा दिसतच नाही. दहा ते चौदा दिवसांनी तड्याच्या कडेचं हाड थोडं झिजतं आणि मग तीच रेघ प्लेटवर उमटते. ऑर्थोपेडिकवाले म्हणूनच एक्स-रे नॉर्मल आला तरी त्या खळग्यात दुखत असेल तर प्लास्टर घालून परत बोलावतात.

भाच्याने अर्थातच प्लास्टर घालून घेतलं नाही. गावातल्या डॉक्टरकडून क्रेप बँडेज आणि गोळ्या घेतल्या आणि गिअर टाकताना कळ येते म्हणत चार दिवस डाव्या हाताने रेटत राहिला (उजव्या हाताने स्टिअरिंग धरायचं आणि डाव्याने गिअर, मग कळ कशी, तर म्हणे हँडल वळवताना). मी बाराव्या दिवशी अक्षरशः धरून नेला. नवीन प्लेटवर स्कॅफॉईडच्या मध्यात बारीक तिरकी रेघ. डॉक्टरांनी पेनाने दाखवली तेव्हा दिसली, नाहीतर मला काही कळलं नसतं.

त्या रेघेने काय बदललं ते बघा. बीएनएस कलम ११६ मध्ये गंभीर दुखापत म्हणजे काय याचे आठ प्रकार दिलेत (जुन्या मराठी पुस्तकांत जबर दुखापत असा शब्द सापडेल, तीच ही). पुंसत्व घालवणं, एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणं, एका कानाचं ऐकू येणं कायमचं जाणं, अवयव किंवा सांधा जाणं, अवयवाची किंवा सांध्याची ताकद कायमची कमी होणं, डोकं किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणं, हे सहा. सातवा: हाड किंवा दात मोडणं अथवा निखळणं. आठव्यात जिवाला धोका होईल अशी किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना राहतील किंवा नेहमीची कामं करता येणार नाहीत अशी दुखापत. आठांच्या बाहेरचं काहीही, मग कितीही रक्त गेलेलं असो, टाके कितीही पडलेले असोत, कायद्याच्या भाषेत साधंच. हे लोकांच्या डोक्यात बसत नाही. डोक्याला अकरा टाके पडून रक्ताने शर्ट भिजलेला माणूस साध्या दुखापतीत बसू शकतो, आणि करंगळीचं पेर मोडलेला माणूस गंभीरमध्ये.

मोडणं म्हणजे दोन तुकडेच व्हायला पाहिजेत का? नाही. सुप्रीम कोर्टाने १९७० सालीच सांगून ठेवलंय की हाड आरपार तुटायची गरज नाही, तडा गेला तरी फ्रॅक्चरच, तो तडा बाहेरून आतपर्यंत पोचलाच पाहिजे असंही नाही. फक्त हाडाला नुसता ओरखडा असेल तर ते फ्रॅक्चर नाही. त्यामुळे काजूएवढ्या हाडावरची ती रेघ पुरेशी झाली आणि केस ११५(२) वरून ११७(२) वर गेली: सात वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड. एका वर्षावरून थेट सातवर, आणि मुख्य म्हणजे दखलपात्र.

दखलपात्र म्हणजे पोलिसांना आता मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरची गरज नाही. आम्ही काय केलं तर नवीन प्लेट आणि रिपोर्ट घेऊन आधी त्याच सरकारी दवाखान्यात गेलो आणि मूळ सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरांचंच सुधारित मत घेतलं, खाजगी डॉक्टरचा कागद घेऊन डायरेक्ट पोलीस स्टेशनला गेलो असतो तर तिथे पुन्हा यादी काढावीच लागली असती. मग ठाण्यात भाच्याचा जबाब झाला, त्यात पहिल्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत काय काय झालं हे तारखेसकट, आणि एफआयआर झाली. एक कलम दखलपात्र असलं की सोबतची अदखलपात्र कलमंही दखलपात्रच धरली जातात, म्हणून शिवीगाळ-धमकीही त्यातच आली. ठाण्याने नाही म्हटलं असतं तर पोलीस आयुक्तांकडे पोस्टाने लेखी तक्रार आणि तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अ‍ॅफिडेव्हिटसह अर्ज, हा रस्ता होता, पण ती वेळ आली नाही.

इथे भाचा खूश, "आता आत जाणार ना मामा तो?" नाही जाणार. ११७(२) दखलपात्र असलं तरी जामीनपात्र आहे, जामीन त्याचा हक्कच आहे, आणि त्याने तो घेतला. आणि सात वर्षं हा आकडाही जरा दमाने घ्यायचा. ही केस चालते मॅजिस्ट्रेटपुढे, आणि प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेटला तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा देताच येत नाही. त्याला वाटलं की जास्त हवी तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. सात वर्षं हा कायद्यातला कमाल आकडा आहे, मनगटाच्या केसमध्ये प्रत्यक्षात तेवढं मिळेल या आशेवर बसू नये.

आता समोरच्या वकिलाच्या खुर्चीत बसून बघू, कारण मी तिकडे असतो तर मीही हेच केलं असतं. त्याच्याकडे दोन मुद्दे आहेत आणि दोन्ही वजनदार.

पहिला म्हणजे बारा दिवसांचं अंतर. पहिल्या दिवशी प्लेट नॉर्मल, मग मधल्या काळात पोरगा कुठे पडला नाही कशावरून? बाइकवरून घसरला असेल, कॅरेट अंगावर आलं असेल. म्हणून ती अंगठ्याच्या मुळाशी दुखण्याची ओळ सोन्याची म्हटलं, तिने पहिल्याच दिवशी दुखणं नेमकं त्या हाडावर नेऊन ठेवलंय. ती नसती आणि केसपेपरवर नुसतं "मनगट सुजलं" असतं तर संशयाला जागा झाली असती, आणि फौजदारीत संशयाचा फायदा आरोपीला. त्यात प्लेटचा प्रश्न. कोर्टात नुसत्या सर्टिफिकेटवर फ्रॅक्चर सिद्ध होत नाही, मूळ प्लेट हजर लागते, त्यावर नाव, तारीख, नंबर आणि उजवा-डावा मार्क लागतो, आणि ती वाचणारा डॉक्टर साक्षीला यावा लागतो. सर्टिफिकेटवर "गंभीर" लिहिलं की झालं असं नसतं, तो शब्द डॉक्टरचं मत आहे, आठपैकी कुठल्या प्रकारात बसतंय ते शेवटी कोर्ट ठरवतं. प्लेट घरात ठेवली तर ती चिकटते, पिवळी पडते, मुलं तिच्यातून सूर्यग्रहण बघतात, मी एका केसमध्ये हे खरंच पाहिलंय. सीडी मिळाली तर तीही घ्या पण प्लेट सांभाळा.

दुसरा मुद्दा जास्त खोल आहे. हाड मोडलं एवढ्याने ११७ लागत नाही. कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय की गंभीर दुखापत प्रत्यक्ष झाली पाहिजे आणि तशी करायचा हेतू तरी पाहिजे किंवा तशी होण्याची शक्यता आहे हे माहीत तरी पाहिजे. म्हणजे कुणी कानाखाली वाजवली, समोरचा तोल जाऊन पायरीवर आपटला आणि मनगट मोडलं, तर परिणाम गंभीर आहे पण मारणाऱ्याच्या डोक्यात चापटीएवढंच होतं, म्हणून तो ११५(२) पुरता जबाबदार ठरू शकतो. आमच्या केसचा सगळा भार म्हणून "फाळक्यावर उभा असताना पाय ओढला" या वाक्यावर आहे. साधारण कमरेएवढ्या उंचीवर उभ्या असलेल्या, हातात वीस-बावीस किलोचं कॅरेट असलेल्या माणसाचा पाय ओढला तर तो काँक्रीटवर पडणार आणि काहीतरी मोडणार हे कुठल्याही ड्रायव्हरला कळतं. पण पहिल्या एनसीत हवालदाराने काय लिहिलं होतं, "ढकलून दिले". जमिनीवरून ढकललं की फाळक्यावरून, पत्ताच नाही. जबाबात ते दुरुस्त केलं, पण उलटतपासात हे विचारलं जाणारच की आधी का नाही सांगितलं. तक्रार देताना सही करायच्या आधी वाचा म्हणतो ते एवढ्यासाठी.

दाताच्या केसमध्येही अशीच गंमत असते, थोडक्यात सांगतो. बुक्कीने दात पडला की गंभीर. पण हिरड्यांचा आजार असेल, आसपासचे दातही हलत असतील, तर आरोपीचा वकील म्हणतो दात असाही पडणारच होता. म्हणून डॉक्टरने त्याच दिवशी खोबणीत ताजं रक्त किंवा गुठळी आहे का, ओठ आतून फाटलाय का, शेजारचे दात घट्ट आहेत का हे लिहायला हवं.

आणि समजा दुसऱ्या प्लेटमध्येही काहीच निघालं नसतं, नुसता स्नायू दुखावला असता तर? मग आठवा प्रकार कामाला आला असता. जुन्या कायद्यात वीस दिवस होते, बीएनएसने पंधरा केले, त्यामुळे भांडण ३० जून २०२४ चं असेल तर वीस आणि १ जुलैचं असेल तर पंधरा. पण इथे लोक हमखास चुकतात, त्यांना वाटतं पंधरा दिवस अ‍ॅडमिट राहिलं की झालं. अ‍ॅडमिट राहणं हा पुरावा नाही, पंधरा दिवस तीव्र वेदना होत्या किंवा रोजची कामं जमत नव्हती हे दाखवावं लागतं. भाच्याच्या बाबतीत ते गाडीच्या भाडेपावत्यांवरून दिसलं असतं, कारण प्लास्टर पडल्यावर दोन महिने बदली ड्रायव्हर होता. पण पहिले चार दिवस हा स्वतः गाडी चालवत होता हे विसरू नका, त्या चार दिवसांच्या पावत्या समोरच्याने काढल्या असत्या तर अवघड होतं. फ्रॅक्चर निघालं म्हणून सुटलो.

आता त्याच भांडणात एक वस्तू आणतो. समोरच्याने पाय ओढण्याऐवजी सीटखालची टॉमी, म्हणजे चाक खोलायचा लोखंडी दांडा, काढली असती तर? मग ११८. हे कलम जखमेसोबत हत्यार बघतं: गोळी झाडणं, भोसकणं, कापणं यांची हत्यारं, किंवा हल्ल्यात वापरलं तर जीव जाऊ शकेल अशी वस्तू, शिवाय आग, तापलेला पदार्थ, विष, स्फोटक, जनावर वगैरे. टॉमीने नुसता वळ उठला, हाड शाबूत, तर ११८(१): तीन वर्षांपर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. टॉमीने हाड मोडलं तर ११८(२): किमान एक वर्ष, दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप, आणि दंड. ही दोन्ही अजामीनपात्र.

परत वाचा जरा. हाताने ढकलून हाड मोडलं, सात वर्षांपर्यंतचा गुन्हा, जामीन हक्काचा. टॉमीने वळ उठवला, तीन वर्षांपर्यंतचा गुन्हा, जामीन कोर्टाच्या मर्जीवर. मला ही रचना विचित्रच वाटते, पण आहे ती अशी आहे, आणि म्हणूनच तक्रारीत "हत्यार" घुसडायचा मोह होतो. नुसत्या बुक्क्यांच्या मारामारीत दुसऱ्या दिवशी रॉड येतो, तिसऱ्या दिवशी कोयता. आणि तिथेच केस मोडते, कारण कोयत्याच्या वाराला धारदार कडा असतात आणि सर्टिफिकेटवर "बोथट" लिहिलेलं असतं.

कुठली वस्तू धोकादायक हे प्रत्येक केसमध्ये ठरतं. दगडाचं घ्या, त्याचा आकार, वजन आणि कुठे मारला यावर. सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये दगडाच्या एका केसमध्ये हत्याराचं कलम काढून साध्या पद्धतीने केलेल्या गंभीर दुखापतीचं लावलं. दुसऱ्या एका केसमध्ये माणसाच्या दातांबद्दलही असंच म्हटलं, चावून बोटाचा तुकडा पडला तरी दात म्हणजे त्या कलमातलं हत्यार नाही. टॉमी मात्र लोखंडी, हातभर लांब. डोक्यावर उगारली असेल तर वाद घालायला फार जागा राहत नाही, उलट मग खुनाच्या प्रयत्नाचं १०९ लागतंय का यावरच चर्चा सुरू होते.

अचानक आणि गंभीर चिथावणीमुळे हात उचलला असेल तर १२२ मध्ये शिक्षा बरीच कमी होते, साध्या दुखापतीला महिनाभर आणि गंभीरला पाच वर्षांपर्यंत. भाच्याने आधी आईवरून शिवी दिली होती का, हे त्यामुळेच समोरचा वकील विचारणार आहे. (दिली होती. मला खाजगीत सांगितलंय.)

चार्जशीट गेली आहे. मध्ये दोघं पुन्हा त्याच लाइनीत उभे राहायला लागले, एकमेकांच्या गाडीला धक्काही मारला म्हणे, आणि आता दोघांनाही मिटवायचंय. ११५(२) असतं तर जखमी माणसाने स्वतःहून मिटवलं की संपलं असतं. ११७(२) आहे म्हणून मिटवायलाही कोर्टाची परवानगी लागते. टॉमी असती तर खालच्या कोर्टात तडजोडच नव्हती, मुंबईला हायकोर्टात एफआयआर रद्द करायला जावं लागलं असतं, तिथला खर्च दोघांच्या एका सीझनच्या भाड्याएवढा. परवानगीचा अर्ज मी लिहून ठेवलाय, भाच्याने त्यावर सही केली, उजव्या हाताने, अजून थोडी तिरकी येते.